वकिलाची पैसे-मागणीची नोटीस एका पानात कशी उतरवायची

पैसे परत मागणारी वकिलाची नोटीस साधारण तीन-चार पानांची असते आणि तिच्यातला कामाचा मजकूर अर्ध्या पानात मावतो. उरलेल्या जागेत ‘माझ्या अशिलाने तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवून’, ‘तुम्ही सुरुवातीपासूनच फसवणुकीच्या हेतूने’, ‘अन्यथा होणाऱ्या सर्व परिणामांस तुम्ही जबाबदार राहाल’ अशी वाक्यं असतात. नोटीस घरात येते तेव्हा मनाला नेमकी हीच वाक्यं लागतात. तारीख, रक्कम आणि चेक नंबर मात्र नजरेतून सुटतात, आणि पुढच्या पंधरवड्यात उपयोगाचं तेवढंच असतं.

हा लेख दोघांसाठी आहे. एक, ज्यांना स्वतःला किंवा घरच्या कोणाला अशी नोटीस आली आहे आणि वकिलाकडे जाण्याआधी सगळं एका पानावर आणायचं आहे. दुसरे, वकिलांच्या ऑफिसात नव्याने लागलेले, ज्यांच्यापुढे नोटीस ठेवून ‘याचं थोडक्यात काढा’ असं सांगितलं जातं. मी इथे एकच प्रकार घेतो: हातउसने घेतलेले पैसे आणि न वटलेला चेक. या प्रकारात दिवस कायद्याने मोजून दिलेले आहेत, आणि चुकलेला सारांश सर्वात महाग इथेच पडतो.

पाकिटापासून सुरुवात

नोटीस वाचण्याआधी पाकीट बघा. ते फाडून फेकू नका. पाकिटावर पेनाने लिहा: कोणत्या तारखेला मिळालं आणि घरात कोणी घेतलं. पाकिटावरचा पोस्टाचा बारकोड नंबर टिपून ठेवा. तो पोस्टाच्या वेबसाइटवर टाकला की पाकीट कधी टाकलं आणि कधी पोहोचलं हे दिसतं. त्या पानाची प्रिंट काढून ठेवा, कारण काही काळाने हा तपशील साइटवर मिळेनासा होतो.

एका नोटिशीला तीन तारखा असतात: नोटिशीवर छापलेली, पोस्टात टाकल्याची आणि तुमच्या हातात पडल्याची. नवखा माणूस सारांशात छापलेली तारीख लिहितो आणि तिच्यापासून दिवस मोजतो. चेकच्या प्रकरणात तुमचे दिवस हातात पडल्यापासून सुरू होतात, तर समोरच्याने मुदतीत नोटीस दिली की नाही हे पोस्टात टाकल्याच्या तारखेवरून तपासायचं असतं. म्हणून तिन्ही तारखा वेगवेगळ्या लिहा. तीच नोटीस व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर आधी आली असेल तर ती तारीखही लिहा आणि स्वतःची मुदत सर्वात आधीच्या तारखेपासून धरा. दोन दिवस कमी धरले तर काही बिघडत नाही, जास्त धरले तर बिघडतं.

पोस्टमनला परत पाठवण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास मिळतो. तो ऐकू नका. पत्ता बरोबर असेल आणि पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला, तर नोटीस मिळाली असंच कोर्ट धरून चालतं. नोटीस वाचायला मिळत नाही, दिवस मात्र सुरू होतात.

उदाहरणासाठी एक नोटीस

उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील अशा नोटिशींमध्ये नेहमी दिसणारा आहे. एकाच ऑफिसातले दोन सहकारी. एकाने दुसऱ्याला पैसे दिले, आता वकिलामार्फत परत मागितले आहेत. भरताड काढून टाकलं की नोटीस अशी उरते:

> ‘माझ्या अशिलांनी दि. 5 मार्च 2023 रोजी तुम्हांस रक्कम रु. 4,00,000/- हातउसने दिले. पैकी रु. 3,00,000/- बँकेतून व रु. 1,00,000/- रोख. सदर रक्कम एक वर्षात द.सा.द.शे. 18 व्याजासह परत करण्याचे तुम्ही मान्य केले होते. सदर रकमेच्या परतफेडीपोटी तुम्ही दि. 14 मे 2025 चा रु. 4,00,000/- चा चेक दिला. सदर चेक दि. 19 मे 2025 रोजी ‘फंड्स इन्सफिशियंट’ या शेऱ्यासह न वटता परत आला. त्याबाबतचा मेमो माझ्या अशिलांस दि. 20 मे 2025 रोजी मिळाला. तरी चेकची रक्कम रु. 4,00,000/-, व्याज रु. 1,62,000/- व नोटीस खर्च रु. 5,000/-, एकूण रु. 5,67,000/- नोटीस मिळाल्यापासून 7 दिवसांत द्यावे. अन्यथा तुमच्याविरुद्ध दिवाणी व फौजदारी कारवाई केली जाईल.’

नोटिशीवर तारीख 12 जून 2025. पोस्टातही त्याच दिवशी पडली. घरी पोहोचली 16 जूनला, सोमवारी.

पहिलं वाचन: फक्त आकडे आणि तारखा

पेन्सिल घ्या आणि पहिल्या वाचनात तारखा, रकमा, चेक नंबर आणि बँकेचा शेरा एवढ्यावरच खुणा करा. विशेषणं सोडून द्या. मग तारखा नोटिशीतल्या क्रमाने न लिहिता काळाच्या क्रमाने लिहा, कारण वकील लोक कहाणी आपल्या सोयीने मागेपुढे करतात. क्रम सरळ लावला की फट आपोआप दिसते.

इथे ती लगेच दिसते. पैसे मार्च 2023 मध्ये दिले, एक वर्षात परत करायचे होते, आणि चेक मे 2025 चा. मधली 14 महिन्यांची जागा रिकामी आहे. त्या काळात काय झालं याबद्दल नोटिशीत एक शब्द नाही. सारांशात ही रिकामी जागा प्रश्न म्हणून लिहा: ‘मार्च 2024 ते मे 2025: नोटिशीत काही नाही.’ या ओळीला पुढे फार महत्त्व येणार आहे.

दुसरं वाचन: मागणी सुटी करणं

मागणीचा आकडा कधीच एकत्र लिहू नका. 5,67,000 हा आकडा सारांशात गेला की घरात सगळे त्याच आकड्यावर बोलू लागतात. तो तीन वेगळ्या गोष्टींची बेरीज आहे आणि तिघींचं वजन सारखं नाही.

पहिली, चेकची रक्कम, 4,00,000. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881 च्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार टिकते ती याच रकमेवर. मुदतीत चेकची रक्कम पूर्ण दिली तर त्या कलमाखालचा गुन्हा उभाच राहत नाही, मग व्याज आणि नोटीस खर्च दिला असो वा नसो. त्यासाठी समोरच्याला फार तर दिवाणी दावा करता येईल.

दुसरी, व्याज. आधी गणित तपासा. चार लाखांवर 18 टक्क्यांनी वर्षाला 72,000, म्हणजे महिन्याला 6,000. मार्च 2023 ते जून 2025 हे 27 महिने, म्हणून 1,62,000. गणित बरोबर आहे. आता प्रश्न एवढाच की 18 टक्के ठरलं होतं का, आणि ठरलं असल्यास कुठे लिहिलं आहे. नोटीस ‘मान्य केले होते’ म्हणते, पण कोणत्याही कागदाचा उल्लेख करत नाही. सारांशात लिहा: ‘18 टक्के व्याज, आधार नमूद नाही.’ व्याज ठरलंच नव्हतं म्हणून ही रक्कम शून्य झाली असंही समजू नका. व्याज अधिनियम, 1978 प्रमाणे ठराव नसला तरी, लेखी मागणीत व्याज मागितलेलं असेल तर त्या मागणीच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. किती टक्के ते कोर्ट ठरवतं. नोटिशीत व्याजाचं वाक्य घालण्यामागे हेही एक कारण असतं.

तिसरी, नोटीस खर्च 5,000. बहुतेक प्रत्येक नोटिशीत असतो. एका ओळीत नोंद करा आणि पुढे जा.

नवशिक्यांनी आणखी एक सवय लावून घ्यावी. नोटिशीत चेकची रक्कम चेकवरच्या रकमेशी तंतोतंत जुळते का ते बघा. एकूण मागणीत व्याज मिळवलेलं असलं तरी चेकची रक्कम वेगळी दाखवलेली असेल तर नोटीस चालते. इथे ती वेगळी दाखवली आहे. पण चेक एका रकमेचा आणि मागणी दुसऱ्याच रकमेची असेल, तर टायपिंगची चूक म्हणूनही ती माफ होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलं आहे. म्हणून सारांशात ‘सुमारे चार लाख’ असं कधी लिहू नका. पैशापर्यंत आकडा लिहा.

मुदत: नोटिशीतली आणि कायद्यातली

नोटिशीत 7 दिवस लिहिले आहेत. हे वाचून लोक सहाव्या दिवशी दागिने गहाण टाकायला निघतात. सारांशात मुदतीच्या दोन ओळी ठेवा: नोटीस काय म्हणते आणि कायदा काय देतो.

कलम 138 प्रमाणे चेक देणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस मिळतात. वकिलाने 7 लिहिले म्हणून ते कमी होत नाहीत. मिळाल्याचा दिवस सोडून मोजायचं. 16 जूनला मिळाली, म्हणजे 17 जून हा पहिला दिवस आणि 1 जुलै हा पंधरावा. 1 जुलैपर्यंत पैसे पोहोचले नाहीत तर 2 जुलैपासून समोरच्याला तक्रार करण्याचं कारण मिळतं, आणि तिथून एक महिन्याच्या आत त्याने मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार दाखल करायची असते. म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. उशिराचं समाधानकारक कारण दिलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं, म्हणून ऑगस्ट उलटला की सुटलो असं धरू नये. पंधरा दिवस पूर्ण होण्याआधीच केलेली तक्रार मात्र टिकत नाही.

समोरच्याच्या बाजूचे दिवसही मोजा. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते. मेमो 20 मे रोजी मिळाला, 30 दिवस 19 जूनला भरतात, नोटीस 12 जूनला पोस्टात पडली. वेळेत आहे. सारांशात ‘वेळेत’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे पुन्हा कोणी त्यावर आशा लावून बसणार नाही. चेकवरची तारीख आणि तो बँकेत भरल्याची तारीख यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त अंतर नाही हेही बघा, चेकची मुदत तेवढीच असते.

जिथे चेकच नाही, नुसते हातउसने पैसे आणि नोटीस, तिथे ‘7 दिवस’, ‘15 दिवस’ हे वकिलाने स्वतः ठरवलेले असतात. ते उलटल्याने तुमचा कोणताही हक्क जात नाही, समोरचा दावा दाखल करायला मोकळा होतो एवढंच. तिथे बघायची मुदत वेगळी: उसने दिलेल्या पैशांसाठी दावा करायला मुदत कायद्याने साधारण तीन वर्षं असतात. आपल्या उदाहरणात पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजले तरी मार्च 2026 पर्यंत वेळ आहे, तेव्हा ‘मुदतबाह्य’ हा मुद्दा इथे नाही.

तिसरं वाचन: नोटीस काय सांगत नाही

आता नोटीस बाजूला ठेवा आणि बँकेचं स्टेटमेंट घ्या. पैसे घेतल्याच्या महिन्यापासून आजपर्यंतचं, समोरच्याच्या नावाच्या प्रत्येक ओळीवर खूण करत. सारांशाचा खरा कस इथे लागतो, आणि बहुतेक जण हे काम वकिलावर टाकून मोकळे होतात. वकिलाला तुमच्या खात्यातलं काय माहीत असणार?

आपल्या उदाहरणातल्या माणसाने हे केलं तेव्हा दिसलं की एप्रिल 2024 ते मार्च 2025 असे सलग 12 महिने दर महिन्याला 10,000 रुपये त्याने यूपीआयने समोरच्याला पाठवले होते. एकूण 1,20,000. काही व्यवहारांच्या शेऱ्यात ‘हप्ता’ असा शब्दही होता. नोटिशीत याचा उल्लेख नाही. मधली रिकामी जागा हीच होती.

दुसरं त्याने सांगितलं ते असं: चेक मे 2025 मध्ये दिलाच नव्हता. पैसे घेतानाच, मार्च 2023 मध्ये, सही करून तारखेची जागा कोरी ठेवून दिला होता. ‘कोरा चेक होता’ एवढ्याने बचाव होत नाही. सही तुमची असेल तर चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो आणि उलट सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. तारीख कोणी घातली यावर भांडत बसणारे इथे अडकतात.

पण हप्ते आणि चेक एकत्र ठेवले की चित्र बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये दिलेल्या एका निकालात सांगितलं आहे की चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत भरण्याआधी काही रक्कम परत केलेली असेल, तर तिची नोंद चेकवर करून मगच तो भरायला हवा. तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक भरला, तर त्या दिवशी खरं देणं तेवढं नसतं, आणि तो न वटल्याने कलम 138 चा गुन्हा होत नाही. इथे चेक भरला त्या दिवशी मुद्दलापैकी 2,80,000 उरले होते आणि चेक 4,00,000 चा होता.

समोरचा काय म्हणेल तेही सारांशात लिहा, नाहीतर सारांश एकतर्फी होतो. तो म्हणेल की ते दहा-दहा हजार व्याजाचे होते. किंवा दुसऱ्याच व्यवहाराचे. म्हणून ‘हप्ता’ शेऱ्याचे व्यवहार, त्या काळातले मेसेज, हे पुरावे तारखेनिशी जोडा. व्याज ठरलं होतं की नव्हतं हा प्रश्न, जो मघाशी फक्त 1,62,000 चा वाटत होता, तोच आता सगळ्या प्रकरणाचा कणा आहे हेही कळतं. एवढं लक्षात आलं की सारांश नीट झाला असं समजा.

रोख एक लाखाबद्दल एक सूचना. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेण्यावर आयकर कायद्यात बंदी आहे, हे ऐकून काही जण ‘मग ते कर्जच बेकायदा’ असा मुद्दा काढतात. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तो नाकारला आहे, आणि त्या बंदीचा दंड घेणाऱ्यावर बसतो. हा मुद्दा उत्तरात घालण्याआधी वकिलाशी नक्की बोला.

सारांशाचं पान

आता लिहायला बसा. एक पान, साधी वाक्यं, प्रत्येक गोष्टीपुढे ती कोण म्हणतं ते. ‘4 लाख देणं आहे’ असं लिहू नका, ‘नोटिशीनुसार 4 लाख देणं आहे’ असं लिहा. हा फरक छोटा दिसतो, पण हे पान चार हातांत फिरतं आणि समोरच्याचं म्हणणं आपलं म्हणणं होऊन बसायला वेळ लागत नाही. आपल्या उदाहरणाचं पान असं होईल:

> नोटीस: दि. 12 जून 2025, त्याच दिवशी पोस्टात. घरी मिळाली 16 जून, स्वतः घेतली. पाकीट व ट्रॅकिंगची प्रिंट सोबत.
>
> कोण, कोणाला: जुने सहकारी यांच्या वतीने त्यांचे वकील. फक्त मला. घरच्यांची नावं नाहीत.
>
> त्यांचं म्हणणं: 5 मार्च 2023 ला 4,00,000 दिले (3,00,000 बँकेतून, 1,00,000 रोख). एक वर्षात 18 टक्के व्याजाने परत करायचे ठरले. 14 मे 2025 चा 4,00,000 चा चेक 19 मे ला परत, शेरा ‘फंड्स इन्सफिशियंट’. मेमो मिळाला 20 मे.
>
> मागणी: चेक 4,00,000. व्याज 1,62,000 (आधार नमूद नाही, गणित बरोबर). नोटीस खर्च 5,000. एकूण 5,67,000.
>
> मुदत: नोटिशीत 7 दिवस (23 जून). कायद्याने 15 दिवस: 1 जुलै 2025. त्यांची नोटीस 30 दिवसांच्या आत, वेळेत आहे.
>
> इशारा: दिवाणी दावा व फौजदारी कारवाई. कलम लिहिलेलं नाही, पण मजकूर कलम 138 चा आहे.
>
> मला मान्य: 4,00,000 मिळाले. चेकवरची सही माझी.
>
> मला मान्य नाही: व्याज ठरलं नव्हतं. चेक मार्च 2023 मध्ये तारखेविना दिला होता.
>
> नोटिशीत नाही: एप्रिल 2024 ते मार्च 2025, 12 हप्ते, 1,20,000 यूपीआयने. स्टेटमेंट सोबत. माझ्या हिशोबाने बाकी 2,80,000.
>
> ते म्हणू शकतील: हप्ते व्याजापोटी होते.
>
> आज देता येईल अशी रक्कम: \_\_\_\_\_\_

‘मला मान्य’ या ओळीत खरं लिहा, अगदी अडचणीचं असलं तरी. हे पान तुमच्यात आणि तुमच्या वकिलात आहे. तिथे लपवलेली गोष्ट कोर्टात समोरच्याच्या तोंडून बाहेर आली की वकिलाच्या हातात काही उरत नाही. त्याच कारणाने हे पान समोरच्याला, मध्यस्थाला किंवा ऑफिसच्या ग्रुपवर पाठवू नका.

शेवटची ओळ बहुतेक लोक कोरी ठेवतात, लाजेने. ती भरा. कोणतं उत्तर द्यायचं हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं.

पुढे काय काय करता येतं

चेकची पूर्ण रक्कम मुदतीत देणं हा पहिला रस्ता. देणं खरंच तेवढं असेल आणि पैसे जमत असतील तर याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही नाही. पैसे बँकेतूनच द्या, शेऱ्यात चेक नंबर लिहा, आणि मूळ चेक परत मागा. रोख देऊन पावती ‘नंतर घेऊ’ म्हणणाऱ्यांवर दुसऱ्यांदा तीच रक्कम द्यायची वेळ येते.

दुसरा रस्ता तडजोडीचा: हप्ते, किंवा व्याज सोडून मुद्दल. कलम 138 चं प्रकरण कोणत्याही टप्प्यावर आपसात मिटवता येतं, तक्रार दाखल झाल्यावरही. पण बोलणी चालू आहेत म्हणून 1 जुलै पुढे सरकत नाही. तडजोड झाली तर ती लेखी, दोघांच्या सहीने, आणि चेकचं काय करायचं हे त्यात लिहून. घाबरून स्वतःच्या अक्षरात ‘सर्व रक्कम व्याजासह हप्त्याने देईन’ असं पत्र मात्र देऊ नका. देणं मान्य करणारं सही केलेलं पत्र मुदतीच्या आत दिलं तर तीन वर्षांची मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते, आणि न ठरलेलं व्याजही तुम्ही कबूल करून बसता.

तिसरा, नाकारणारं किंवा अंशतः मान्य करणारं उत्तर. आपल्या उदाहरणाला हा रस्ता लागू पडतो. उत्तरात पैसे घेतल्याचं मान्य, बारा हप्त्यांचा तारीखवार तक्ता, व्याज ठरल्याचा इन्कार, चेक केव्हा आणि कसा दिला ते, आणि त्यांच्याकडे व्याजाचा लेखी आधार असल्यास त्याची प्रत देण्याची मागणी. उरलेले 2,80,000 त्याच वेळी द्यायचे की नाही हा निर्णय वकिलाशी बोलून घ्या. दिल्याने खरेपणा दिसतो आणि दिवाणी दाव्यातली हवा निघून जाते. पण कायद्यात मुदतीत चेकची रक्कम देण्याबद्दल लिहिलं आहे, त्यामुळे अर्धवट रक्कम दिल्याने तक्रार आपोआप थांबत नाही. ती लढवावी लागते, आणि तेव्हा हप्त्यांचा मुद्दा उपयोगी पडतो.

चौथा रस्ता म्हणजे गप्प बसणं. उत्तर न देणं हा गुन्हा नाही आणि त्याने केस हरलीच असंही नाही. तरी मी तो सुचवत नाही. हप्त्यांसारखी गोष्ट नोटिशीच्या उत्तरात पहिल्यांदा लिहिली तर ती खरी वाटते. वर्षभराने साक्षीच्या वेळी पहिल्यांदा सांगितली तर समोरचा वकील एकच प्रश्न विचारतो: मग तेव्हा का नाही कळवलं? नोटीस खरोखरच मिळाली नसेल आणि थेट समन्स आलं असेल तरी समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम कोर्टात भरून प्रकरण संपवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये दिली आहे. म्हणून समन्स आल्या दिवशीही हेच पान लिहायला बसा.

चेकच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. सारांशात हे एका ओळीत लिहा. नोटिशीतला ‘फसवणूक’, ‘विश्वासघात’ हा भाग वेगळ्या ओळीत ठेवा. ते गुन्हे वेगळे, त्यांना सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू किंवा सोपवलेल्या वस्तूचा अपहार असं काही दाखवावं लागतं, आणि बारा हप्ते भरणाऱ्याबद्दल ते दाखवणं सोपं नाही.

वकिलाकडे कधी आणि काय घेऊन

पान तिसऱ्या-चौथ्या दिवशी तयार असावं आणि वकिलाची भेट पहिल्या आठवड्यात व्हावी. उत्तर लिहिणं, तुम्ही ते वाचणं, दुरुस्त करणं आणि पोस्टात टाकणं यात चार-पाच दिवस सहज जातात. सोबत मूळ नोटीस, पाकीट, ट्रॅकिंगची प्रिंट, बँकेचं स्टेटमेंट, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि चेकबुकचं ते पान ज्यावर चेक कधी फाडला याची नोंद आहे. मागचे-पुढचे चेक नंबर कोणत्या महिन्यात वापरले हे स्टेटमेंटवरून काढता आलं तर ते जरूर काढा. मार्च 2023 च्या आसपासचे चेक त्याच मालिकेतले निघाले, तर चेक तेव्हाच दिला होता या म्हणण्याला बळ मिळतं.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालच्या लोकांना तिथून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज करून वकील नेमला जायला वेळ लागतो, म्हणून तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जा.

उत्तर गेलं की त्याची सही केलेली प्रत, पोस्टाची पावती आणि पोहोचल्याचा पुरावा याच सारांशाच्या पानाला टाचणीने लावा. आणि पानावर खाली एक ओळ वाढवा: उत्तर कधी पाठवलं, कधी पोहोचलं, आणि त्यानंतर समोरून काय आलं.